शिंप्याच्या चिठ्ठीतले बिननावाचे आकडे

प्रश्न: शिंप्याच्या हाताने लिहिलेल्या ऑर्डर चिठ्ठ्यांचे फोटो आहेत. त्यातून कपड्याचा प्रकार आणि मापं नावानिशी रकान्यांत भरायची आहेत. पण चिठ्ठीवर नुसते आकडे एकाखाली एक आहेत. कोणता आकडा कशाचा, हे कसं ओळखायचं?

उत्तर:

मी वर्षभर हेच काम केलंय, एका शिवणकाम करणाऱ्या युनिटसाठी. फोटो यायचे, मी टाइप करायचो, आणि त्या यादीवरून कापड बेतलं जायचं. त्यामुळे चुकलं की लगेच कळायचं, फार काळ लपून राहायचं नाही.

शिंपी मापांना नावं देत नाही, कारण त्याला गरजच नसते. तो टेप ठरलेल्या क्रमाने फिरवतो आणि त्याच क्रमाने लिहीत जातो. आकड्याची जागा हेच त्याचं नाव. म्हणून पहिलं काम आकडे वाचायचं नाही, कपडा कोणता ते ठरवायचं. शर्टाचा क्रम वेगळा, पँटचा वेगळा, ब्लाउजचा अजून वेगळा. कपडा चुकला तर खालचे सगळे आकडे अगदी बरोबर वाचूनही चुकीच्या रकान्यात जातात.

तुम्हाला एक चिठ्ठीच वाचून दाखवतो. डाव्या कोपऱ्यात ‘श १’, त्याखाली ही ओळ:

```
२८॥
३८
३२॥
३८
१७॥
२३॥
१५
```

‘श १’ म्हणजे शर्ट, एक नग. आता शर्टाचा एक रुळलेला क्रम घेऊन बघू: उंची, छाती, कंबर, सीट, शोल्डर, बाही, कॉलर. लावून बघा, सातही आकडे आपापल्या जागी बसतात. शोल्डर साडेसतरा, कॉलर पंधरा, बाही साडेतेवीस म्हणजे फुल बाही. याच जागी नऊ किंवा साडेनऊ असतं तर तो हाफ शर्ट, चिठ्ठीवर तसं लिहिलेलं नसलं तरी. म्हणजे कपड्याचा प्रकार कधीकधी मथळ्यापेक्षा मापातच जास्त स्पष्ट लिहिलेला असतो.

पण हा क्रम सगळ्यांचा सारखा नसतो. कुणी शोल्डर उंचीनंतर लगेच लिहितो, कुणी कॉलर आधी घेतो. त्यामुळे एका चिठ्ठीवरून क्रम ठरवू नका. त्याच हाताच्या दहाएक चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येकीत पाचव्या जागी सोळा ते एकोणीसच्या आसपासचा आकडा येत असेल, तर पाचवी जागा शोल्डरची. छाती, कंबर आणि सीट यांच्यात मात्र आकड्याच्या आकारावरून काही कळत नाही, तिन्ही एकाच पट्ट्यात फिरतात. तिथे लिहिणाऱ्यालाच एकदा फोन करून क्रम विचारून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण शंभर चिठ्ठ्यांचा गोंधळ वाचतो.

आता त्या उभ्या रेघांकडे या. ‘२८॥’ म्हणजे साडेअठ्ठावीस. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. जुन्या हिशेबाच्या वह्यांत अशीच लिहायची पद्धत होती, आणि मापाच्या वहीत ती अजून जिवंत आहे. टाइप करणारा नवखा असेल तर ‘१७॥’ चे ‘1711’ करतो. ते तरी लगेच दिसतं. धोका एका रेघेत आहे. छोटी बाही ‘९।’, म्हणजे सव्वानऊ, ती ‘91’ म्हणून जाते, किंवा रेघ फोटोत पुसट असेल तर नुसती ‘9’. पहिली चूक हसण्यावारी जाते, दुसरी कुणाच्याच लक्षात येत नाही. कार्बन कॉपीचा फोटो असेल तर ही पाव इंचाची रेघ हमखास गायब असते, तेव्हा मूळ प्रत मागा. याच्या उलटही होतं. रेघी कागदाची समासाची रेघ आकड्याला चिकटून आली की पाव इंच फुकट वाढतो. ओळखायची खूण सोपी आहे: समासाची रेघ आकड्याच्या वर आणि खालीही चालू राहते, पावाची रेघ आकड्याच्या उंचीएवढीच असते.

म्हणून माझा एक हट्ट होता, आणि तुम्हीही तो धरा: प्रत्येक मापाला दोन रकाने. एकात चिठ्ठीवर जसं दिसतं तसं, रेघांसकट. दुसऱ्यात त्याचा दशांशातला आकडा. ‘१७॥’ आणि शेजारी 17.5. पुढे कधी शंका आली तर फोटो न उघडता कळतं की मी रेघा वाचल्या होत्या की नव्हत्या. आणि दशांशाच्या रकान्यातली शेवटची बाजू .0, .25, .5 किंवा .75 यापैकीच असायला हवी. दुसरं काही दिसलं की ती ओळ परत बघायची. अपवाद एकच, काही जुने कारागीर सुतात लिहितात. आठ सूत म्हणजे एक इंच, तेव्हा ‘१५ इं. ३ सू.’ चे 15.375 होतील आणि ते बरोबरच असेल.

त्याच चिठ्ठीच्या उजव्या बाजूला ‘पँ २’ होतं:

```
४०
३१
३८
२३
१७
७॥
```

लांबी, कंबर, सीट, मांडी, गुडघा आणि मोहरी, म्हणजे पायाशी येणारं पँटचं तोंड. इथे मी एकदा सपशेल आपटलो. देवनागरी १ आणि इंग्रजी 9 घाईच्या अक्षरात डिट्टो सारखे दिसतात. वर ३ चा आकार दोन्ही लिप्यांत जवळपास एकच, त्यामुळे शेजारचा आकडा काहीच मदत करत नाही. मी ३१ चं 39 टाइप केलं. कटिंग करणाऱ्या काकांनी खडूने आखायला घेतलं आणि थांबले. म्हणाले, ‘‘अरे, सीट अडतीस आणि कंबर एकोणचाळीस? मग याच माणसाच्या शर्टात कंबर साडेबत्तीस कशी?’’ दोन पँटींचं कापड वाचलं ते त्यांच्यामुळे.

तेव्हापासून मी आधी लिपी ठरवतो. चिठ्ठीवर असा आकडा शोधायचा जो दोन्हींत वेगळाच दिसतो. ५ आणि 5 मध्ये घोटाळा होत नाही, ८ आणि 8 मध्येही नाही. वरच्या चिठ्ठीत अठ्ठावीस, अडतीस यांतला ८ देवनागरी दिसतो, म्हणजे हात देवनागरी आहे, म्हणून ३१ मधली ती शेपटी १ ची. आकड्यांत सापडलं नाही तर तारीख बघायची, तिथे बहुतेक मिळतं. असाच दुसरा फसवा जोड म्हणजे ४ आणि 8. देवनागरी चारची गाठ वर उघडी असते, पण बॉलपेनची शाई पसरली की ती बंद झाल्यासारखी वाटते. आणि हो, काही जण एकाच चिठ्ठीत दोन्ही लिप्या मिसळतात, मथळा देवनागरीत, मापं इंग्रजीत. त्यामुळे तारखेवरून ठरवलं असेल तर मापाच्या ओळीतल्या निदान एका आकड्यावर पडताळून घ्या.

काकांचा तो प्रश्न मात्र तपासणी म्हणूनच वापरा, दुरुस्ती म्हणून नाही. सीटपेक्षा कंबर मोठी असूच शकते. पोट सुटलेल्या माणसाच्या चिठ्ठीत ती असते. आकडे एकमेकांना पटत नसतील तर शंकेचा रकाना भरा, आकडा आपल्या मनाने बदलू नका.

मोहरी ‘७॥’ कडे परत बघा. मांडी तेवीस आणि गुडघा सतरा हे पूर्ण घेर आहेत, मोहरी मात्र पायाची पट्टी सपाट धरून घेतलेली, म्हणजे निम्मी. पूर्ण घेर पंधरा. एकाच ओळीत दोन पद्धती, आणि लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण त्याच्या डोक्यात ते पक्कं असतं. इथे आकडा दुप्पट करून भरायचा मोह होतो. करू नका. 7.5 च लिहा आणि ‘पूर्ण / निम्मा’ असा एक छोटा रकाना ठेवा. दुप्पट करायचं ते बेतणारा करेल. तुम्ही केलं आणि त्यानेही केलं की तिसाची मोहरी तयार.

ब्लाउजच्या चिठ्ठीत ‘गळा ७/९’ असं आलं तर तो अपूर्णांक नाही. पुढचा गळा सात, मागचा नऊ, त्याचे दोन वेगळे रकाने करा. आणि हे स्प्रेडशीटमध्ये इंग्रजी आकड्यांत 7/9 असं टाइप केलंत तर ते बिनबोभाट तारीख बनतं. ‘जसं दिसतं तसं’ वाला रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवा, नाहीतर तुमच्या यादीत कुणाचा तरी गळा सप्टेंबर महिन्यात असेल. माझ्या यादीत होता.

एक मोठा प्रश्न उरतो: हा आकडा अंगाचा की तयार कपड्याचा? छाती अडतीस हे अंगावर टेप धरून घेतलेलं माप असेल तर शर्ट त्याहून चार-पाच इंच सैल शिवला जातो. पण काही जण ग्राहकाचा जुना शर्ट मापून लिहितात, मग तिथे थेट बेचाळीस असतं. दोन्ही एकाच रकान्यात गेले तर यादी निरुपयोगी. चिठ्ठीवर ‘नमुना’, ‘जुन्याप्रमाणे’, ‘तयार’ असं काही दिसलं तर ते तयार माप. ‘३८+४’ असं असेल तर अंगाचं 38 लिहा आणि सैलपणाचे 4 वेगळे ठेवा, बेरीज करू नका. काहीच नसेल तर ‘माहीत नाही’ हेच उत्तर भरा.

खोडलेल्या आकड्यांबद्दल थोडक्यात: खोडून शेजारी नवा लिहिला असेल तर नवा घ्या. न खोडता दोन आकडे असतील तर कोणताच निवडू नका, दोन्ही ‘जसं दिसतं तसं’ मध्ये जातील आणि दशांशाचा रकाना रिकामा राहील. रिकामा म्हणजे रिकामा, शून्य नाही. शून्य टाकलं की पुढे कुणीतरी सरासरी काढतं.

वरच्या पँटची माझी नोंद अशी दिसते:

```
कपडा: पँट | नग: 2 | एकक: इंच | अंगाचं की तयार: माहीत नाही
लांबी  | ४०  | 40   |
कंबर   | ३१  | 31   | शंका: 39 ही वाटतं
सीट    | ३८  | 38   |
मांडी  | २३  | 23   | पूर्ण
गुडघा  | १७  | 17   | पूर्ण
मोहरी  | ७॥  | 7.5  | निम्मा
```

ग्राहकाचं नाव आणि फोन नंबर या यादीत घेऊ नका, चिठ्ठीचा क्रमांक पुरतो. आणि फोटो काढणारे तुम्हीच असाल तर चिठ्ठी सपाट ठेवून, चारही कडा दिसतील असा काढा. कापली गेलेली शेवटची ओळ बऱ्याचदा मोहरी किंवा कॉलरचीच असते.