शेजारच्या दुकानदारांसोबत एकत्र माल घेणं परवडतं का?

प्रश्न: आमच्या ओळीत चार-पाच दुकानं आहेत. सगळ्यांनी मिळून होलसेलमधून माल उचलला तर खरंच फायदा होतो का? गाडी आणि गोडाऊनचा खर्च कसा वाटायचा?

उत्तर: होतो, पण होलसेलरच्या भावावर जाऊ नका. माल दुकानात उतरल्यावर कितीला पडला, ते काढा.

समजा, तुमचा डिस्ट्रिब्युटर एक खोका 100 ला देतो आणि 50 खोके एकदम घेतले तर होलसेलर 92 ला. 8 सुटले असं वाटतं. त्यातून भाडं-हमाली 3, गोडाऊन 1, फुटतूट 1 गेली की उरतात 3. शिवाय डिस्ट्रिब्युटर माल दारात देतो, उधारीवर देतो, खराब निघाला तर बदलूनही देतो. होलसेलर बहुधा रोखीनेच देतो. तुमच्या वाट्याचा माल संपायला तीन महिने लागणार असतील तर ते 3 सुद्धा अडकलेल्या पैशात जातात. म्हणून ज्याने त्याने महिन्याभरात खपेल तेवढाच आकडा लिहावा. 50 चा स्लॅब गाठायला कुणीतरी "माझे 5 वाढवा" म्हणतो, आणि नेमके तेच 5 खोके पुढे गोडाऊनमध्ये पडून राहतात.

सुरुवात विकायच्या मालापासून करूच नका, असं माझं मत आहे. पिशव्या, बिलाचे रोल, पॅकिंग टेप हे सगळ्यांना लागतं आणि त्यात गिऱ्हाईक पळवायचा प्रश्न येत नाही. फक्त बिलाचे थर्मल रोल पत्र्याखाली ठेवू नका, उष्णतेने कागद काळवंडतो.

भाडं नगावर वाटलं की भांडण ठरलेलं. पिशव्यांचे गठ्ठे हलके, पण निम्मी गाडी अडवतात. रोलची खोकी जड, पण कोपऱ्यात मावतात. गाडी आधी जागेने भरत असेल तर भाडं जागेप्रमाणे वाटा, वजनाने भरत असेल तर वजनाप्रमाणे. गोडाऊनचं भाडंही माल किती जागा अडवतो आणि किती आठवडे राहतो, यावर लावा. त्याहून बरं म्हणजे गाडीवरूनच ज्याचा त्याचा माल उतरवून घ्या. गोडाऊनमध्ये फक्त उरलेला जाऊ द्या. तिथे एक वही ठेवा: तारीख, नग, उचलणाऱ्याची सही. किल्ली एकाकडेच.

बिलाचं मात्र पहिल्याच दिवशी ठरवा. ऑर्डर एकत्र, पण बिलं प्रत्येकाच्या नावावर वेगळी, याला होलसेलर तयार आहे का ते विचारा. नसेल तर ज्याच्या नावावर बिल, त्याने बाकीच्यांना रीतसर बिल करून द्यावं, नाहीतर त्याचा स्टॉक आणि हिशोब जुळणार नाही. स्कीमचे फुकट नग आणि वर्षअखेरची सूटही त्याच्याच खात्यात जमा होते. ती खरेदीच्या प्रमाणात वाटायची, हे आधीच लिहून सह्या घ्या. आगाऊ पैसे सगळ्यांचे जमा झाल्याशिवाय ऑर्डर टाकू नका.