वॉल्ट्झ गाणाऱ्याला पियानोवर साथ करताना साधं धम-चिक-चिक यांत्रिक वाटतं, आणि ब्रोकन कॉर्ड वाजवायला गेलं की तीनचा ठेकाच हरवतो. असं का होतं?

ठेका बहुतेक वेळा एकाच पॅटर्नमुळे हरवतो. सी मेजरचे स्वर सी-जी-सी-ई-सी-जी असे अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे सहा वाजवले, तर सगळ्यात उंच स्वर, म्हणजे ई, बरोबर चौथ्या जागी येतो. कान त्या टोकावर जोर ऐकतो आणि सहाचे तीन-तीन असे दोन भाग पाडतो. मग ऐकणाऱ्याला वॉल्ट्झऐवजी दुगुनीतला दादरा ऐकू येतो, कारण दादऱ्याची खालीही चौथ्याच मात्रेवर असते. वॉल्ट्झला मात्र दोन-दोन-दोन हवेत. बोटं कितीही नेमकी पडली तरी पॅटर्नचा आकारच तीन-तीनचा असेल तर हा दोष जात नाही. म्हणून बदलायचा तो आकार.

चाल गायक गातोय, त्यामुळे तुमचा उजवा हात मोकळा आहे. बेस डाव्या हाताला द्या, कॉर्डचे स्वर उजव्याला. पहिल्या मात्रेवर फक्त बेस, उजवा हात गप्प. दुसऱ्या मात्रेवर एकामागून एक अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे सी-ई, तिसऱ्यावर तसेच जी-ई. इथे ई मधल्या सीच्या वरचा आणि जी त्याच सीच्या खालचा. प्रत्येक जोडीत वरचा स्वर तोच राहतो आणि खालचा बदलतो. बदलणारे स्वर मात्रेवर पडतात, त्यामुळे ठेका तिथे स्पष्ट होतो. वरचा ई मात्र अगदी हलका ठेवा, नाहीतर तोच चाल असल्यासारखा पुढे येईल.

आता सी, ए मायनर, डी मायनर, जी सेव्हन हे चार कॉर्ड प्रत्येकी दोन बार घेऊन पाहू. उजव्या हाताच्या जोड्या अशा: सी-ई जी-ई, मग सी-ई ए-ई, मग डी-एफ ए-एफ, आणि शेवटी बी-एफ जी-एफ. सगळं मधल्या सीच्या आसपासच राहतं, हात कुठेही उडी मारत नाही. कॉर्ड बदलला की प्रत्येक बोट फार तर एक-दोन पायऱ्या सरकतं. दर कॉर्डला मूळ स्वरापासून हात उचलून नवी मांडणी केली, की साथ तुकड्या-तुकड्यांची वाटते.

बेस मधल्या सीच्या एक सप्तक खालच्या सीपासून सुरू करा: पहिल्या बारला मूळ स्वर, दुसऱ्याला पाचवा. म्हणजे सी आणि त्याखालचा जी, ए आणि ई, डी आणि ए. शेवटच्या जी सेव्हनला पहिल्या बारला जी, पण दुसऱ्याला डीऐवजी बी घ्या. तो अर्ध्या स्वराने वर सीमध्ये शिरतो आणि चक्र आपोआप पुन्हा सुरू होतं. त्या बारमध्ये उजव्या हातात बी नको, तो दोनदा वाजला की टोचतो. तिथे डी-एफ जी-एफ वाजवा. या पट्टीत बेस एकेरीच ठेवा. इतक्या खाली दोन स्वर जवळजवळ वाजवले की नुसता गढूळ आवाज येतो.

डोलणं येतं ते बेसच्या लांबीतून. अनेकजण पहिली मात्रा आपटतात आणि लगेच सोडतात, मग साथ लंगडते. बेस गोल, मध्यम जोराने वाजवा, दोन मात्रा धरा आणि तिसरीवर सोडा. पॅडलचंही तसंच: बेस वाजल्यावर लगेच दाबा, तिसऱ्या मात्रेवर उचला. शेवटची जोडी कोरडी राहते, त्या मोकळ्या जागेमुळे पुढची पहिली मात्रा हवीहवीशी वाटते. पॅडल पुढच्या बारपर्यंत दाबलेलं राहिलं, तर डी मायनरवर आधीचा ई लोंबकळतो आणि एफला खटकतो. दुसऱ्या बारचा पाचवा स्वर पहिल्या बारच्या मूळ स्वरापेक्षा थोडा हलका वाजवला, की दोन बारचा एक श्वास तयार होतो. प्रत्येक बार सुटा-सुटा पडणाऱ्या साथीत नेमकं हेच हरवलेलं असतं.

हे सगळं संथ वॉल्ट्झसाठी, म्हणजे मिनिटाला साधारण 84 ते 90 मात्रा. व्हिएनीज वॉल्ट्झ 174 ते 180 च्या आसपास जातो. तिथे जोड्या घाईच्या वाटतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला एकेकच स्वर घ्या: बेस, सी, ई. त्या प्रकारात दुसरी मात्रा किंचित आधी पडते, पण गायकाला साथ करताना ते गाण्याच्या कलाने ठरवा. संथ गाण्यात तसं केलं तर शब्द ओढल्यासारखे होतात.

तपासायचं असेल तर मेट्रोनोम 84 ला लावून वाजवलेलं रेकॉर्ड करा आणि ऐकताना पायाने ठेका धरा. पाय बारला तीनदा पडत असेल तर ठीक. बारला दोनदाच पडायला लागला, तर आधी वरचा ई हलका करा. तरीही तसंच झालं, तर जोड्या सोडून बेस आणि दोन साधे कॉर्ड वाजवा आणि मग एकेक जोडी परत आणा.