‘असल्याशिवाय नाही’ आणि ‘असलं की झालं’

प्रश्न : साताऱ्यात एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलंय. ‘ज्ञान म्हणजे समर्थित सत्य विश्वास’ या व्याख्येला गेटिअर या तत्त्वज्ञाने प्रतिउदाहरणं दिली, म्हणून ‘समर्थन ही आवश्यक अट नाही’ असं मी पेपरात लिहिलं. सरांनी लाल शाईने ‘आवश्यक नव्हे, पुरेशी!’ असं लिहून गुण कापले. एवढा काय फरक पडतो?

उत्तर : गुण गेले ते योग्यच गेले. ‘आवश्यक’ आणि ‘पुरेशी’ हे पुस्तकी शब्द घटकाभर बाजूला ठेवा. आपल्या बोलण्यात यांना चोख जोडी आहे. आवश्यक म्हणजे ‘असल्याशिवाय नाही’ आणि पुरेशी म्हणजे ‘असलं की झालं’.

घोळ होतो तो ‘तर’मुळे. सांगलीत एका कार्यालयात वारसनोंदीसाठी गेलो होतो. खिडकीमागचे साहेब म्हणाले, ‘मृत्यूचा दाखला आणलात तर काम होईल.’ दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन हजर. ‘आणि शपथपत्र?’ त्यांच्या मनात होतं ‘दाखल्याशिवाय होणार नाही’, मी ऐकलं ‘दाखला आणला की झालं’. बोलताना ‘तर’ दोन्ही अर्थ वाहून नेतो. ‘तरच’ म्हटलं असतं तर माझी एक खेप वाचली असती. (गणिताच्या पुस्तकातलं ‘जर आणि तरच’ हे दोन्ही दारं बंद करायलाच असतं.)

व्याख्या नेमकी ही दोन्ही वचनं एकदम देते. समर्थन, सत्य आणि विश्वास यांतली प्रत्येक अट असल्याशिवाय ज्ञान नाही, आणि तिन्ही जमल्या की झालं, ज्ञान आहेच. त्यामुळे प्रतिउदाहरणही दोन दिशांनी येऊ शकतं.

आता हा प्रसंग पाहा. तुम्ही सांगलीत गणपती पेठेतून चालला आहात. काकांच्या दुकानासमोर त्यांची स्कूटर दिसते. ती रोज तेच आणतात, म्हणून तुम्ही मनाशी म्हणता, ‘काका दुकानात आहेत.’ काका खरंच आत आहेत. पण आज ते रिक्षाने आले, स्कूटर पुतण्याने आणून लावली आहे. तुमचा विश्वास आहे, तो खरा आहे, त्याला चांगलं कारणही आहे. तरी काका दुकानात असल्याचं तुम्हाला ‘माहीत होतं’ असं म्हणवत नाही. नशिबाने नेम लागला.

इथे तिन्ही अटी हजर आणि ज्ञान गैरहजर. म्हणजे ‘असलं की झालं’ हे वचन मोडलं. गेटिअरच्या 1963च्या त्या तीन पानी लेखातली दोन्ही उदाहरणं याच जातीची आहेत. समर्थन आवश्यक नाही हे दाखवायला उलटा माल लागतो : ज्ञान हजर, समर्थन गैरहजर. तसं त्या लेखात काहीच नाही. कुठलंही प्रतिउदाहरण हाती आलं की आधी एवढंच विचारा, गैरहजर कोण? अट, की ती वस्तू?

न्यायशास्त्राने, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राने, या दोन दोषांना कधीच नावं दिली आहेत आणि मला ती जास्त आवडतात. ‘गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी’ म्हटलं की म्हैसही आत शिरते. ही अतिव्याप्ती, म्हणजे अट पुरेशी नाही. ‘गाय म्हणजे कपिल रंगाचा प्राणी’ म्हटलं की दारातली पांढरी खिल्लार बाहेर राहते. ही अव्याप्ती, म्हणजे अट आवश्यक नाही. गेटिअरने दाखवली ती अतिव्याप्ती.

फरक पडतो तो दुरुस्तीच्या वेळी. अतिव्याप्ती असेल तर कुंपण आवळायचं, अव्याप्ती असेल तर सैल करायचं. तुमच्या उत्तराप्रमाणे समर्थनाची अट काढून टाकली तर स्कूटरवाला प्रसंग बाहेर जात नाहीच, उलट नुसते अंदाजपंचे खरे ठरलेलेही ज्ञानात येऊन बसतात.

म्हणून काहींनी कुंपण आवळलं : समर्थनात एकही खोटी पायरी नको. स्कूटरचा प्रसंग सुटला, कारण ‘स्कूटर काकांनी आणली’ ही पायरी खोटी होती. पण आता पंगतीत या. मी माणसं मोजली, 63 आली. खरी होती 62, एक पोरगं जागा बदलून दोनदा मोजलं गेलं. लाडू 100 आहेत, म्हणून मी म्हणालो, ‘एकेक तरी सगळ्यांना पुरेल.’ पायरी खोटी आहे, पण लाडू पुरणार हे मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? म्हणजे आता ज्ञान हजर आणि नवी अट गैरहजर. अतिव्याप्ती मिटवायला गेलो आणि अव्याप्ती ओढवून घेतली. ‘आवश्यक नाही’ हे तुमचं वाक्य खरं इथे शोभलं असतं, फक्त समर्थनाबद्दल नव्हे, या चौथ्या अटीबद्दल.

एक पळवाट मात्र उरते. स्कूटर पाहणाऱ्यालाही ‘माहीत होतंच की’ असं कुणी ठामपणे म्हणाला, तर त्याच्यापुरतं ते प्रतिउदाहरणच उरत नाही. मग वाद अटींवर नसतो, ‘माहीत असणे’ हे क्रियापद आपण कुठे वापरतो यावर असतो.