सही करण्याआधी परतफेडीचं कलम वाच

इंदूर

प्रिय मुली,

तुझं ऑफर लेटर वाचलं. पगाराचा तक्ता ठीक आहे. अडचण चौथ्या पानावर आहे: एका वर्षाच्या आत नोकरी सोडलीस तर 2,00,000 रुपये जॉइनिंग बोनस आणि पुण्याला हलण्याचा खर्च 'संपूर्ण' परत.

समज, 1 सप्टेंबरला रुजू झालीस आणि 31 मेला निघालीस. नऊ महिने भरले, तरी या कलमाप्रमाणे दोन लाख द्यावे लागतील. परतफेड महिन्यांच्या प्रमाणात असती, तर उरलेल्या तीन महिन्यांचे फक्त 50,000. म्हणून पहिली मागणी हीच कर.

दुसरी गोष्ट कराची, आणि इथे भले भले फसतात. बोनस पगारातच धरला जातो. तुझ्या वरच्या टप्प्यावर 20% कर आणि त्यावर 4% सेस धरला, तर 41,600 कापले जाऊन हातात 1,58,400 येतात. कंपनी मात्र मागते पूर्ण दोन लाख. त्याच आर्थिक वर्षात परत केलेस तर पेरोलवाले करपात्र पगारातून ती रक्कम वजा करू शकतात. पण 31 मार्च उलटला की आधीच्या वर्षाचा हिशेब बंद झालेला असतो, आणि गेलेला कर सोडवून घेणं किचकट, वादाचं काम होऊन बसतं. म्हणून कलमात 'कर वजा जाता हाती आलेली रक्कम' असे शब्द घालून माग. सगळ्या कंपन्या मानत नाहीत, पण विचारल्याने ऑफर जात नाही.

मग तारीख. कलमात 'राजीनामा दिल्यास' आहे की 'शेवटचा कामाचा दिवस' आहे, ते बघ. तुझा नोटीस पीरियड 90 दिवसांचा. 10 जूनला राजीनामा दिलास तर शेवटचा दिवस 8 सप्टेंबर. पहिल्या शब्दांत तू अडकतेस, दुसऱ्यात सुटतेस. अर्थात कंपनीने लवकर मोकळं केलं तर हे गणित फिरतं, त्याचाही खुलासा माग. तसंच 'कोणत्याही कारणाने' हे शब्द काढायला लाव. नाहीतर त्यांनी नोकरकपात केली तरी बिल तुझ्या नावावर.

सामान हलवण्याचे पैसे कंपनी थेट पॅकर्सना देणार आहे. वसुली 75,000 च्या मर्यादेवर नको, प्रत्यक्ष बिलावर हवी. लोकमान्य नगरातून सामान निघेल त्याच दिवशी बिलाची प्रत मागून ठेव.

'असले बाँड कोर्टात टिकत नाहीत' असं कोणी सांगेल. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्यास 2 लाख भरण्याची अट वैध ठरवली. प्रत्येक कलम तसंच टिकेल असं नाही, पण त्या भरवशावर सही नको. शिवाय कोर्टापर्यंत जायची वेळच क्वचित येते. कंपनी शेवटच्या हिशेबातून, म्हणजे पगार आणि रजेच्या पैशांतून, आधी वळते करून घेते.

एचआर फोनवर 'काळजी करू नका' म्हणेल, त्याला किंमत नाही. हे पत्रच अंतिम करार असल्याची ओळ तुझ्या पाचव्या पानावर आहे, म्हणून नुसता मेलही अपुरा पडू शकतो. सुधारित ऑफर लेटर किंवा सही केलेली पुरवणी माग, आणि ती आली की मला पाठव.

तुझा,
काका