घनमूळ काढताना ३००७६३ मध्ये चुकतं कुठे

अरे तू ७७ काढलंस ना, शेवटचा अंक बरोबर आहे तुझा, संख्या ३ ने संपली की घनमूळ ७ ने संपतं (२-८ आणि ३-७ एवढ्याच जोड्या उलटतात, बाकी अंक तेच राहतात). चूक पुढच्या भागात झालीय. उजवीकडचे तीन अंक सोडले की उरतात ३००, आणि तू जवळचा घन बघितलास, ३४३. जवळचा नाही बघायचा, ३०० च्या आत बसणारा सगळ्यात मोठा घ्यायचा, म्हणजे २१६, म्हणून ६. उत्तर ६७. आणि हे फक्त पूर्ण घनालाच चालतं हां, ३००७७३ ला पण ही ट्रिक ६७ च देईल आणि ते चूक असेल, त्यामुळे शंका आली तर गुणून बघ.