आधी आवाज, मग हात

"आमच्या बँकेच्या शाखेत पूर्ण अंध असलेले एक अधिकारी बदलून आले आहेत. काही चुकीचे बोलेन या भीतीने मी त्यांना टाळतो आणि त्याचीच लाज वाटते. मी काय करावे?"

हा प्रश्न घेऊन आलेल्या गृहस्थांना मी आदल्या आठवड्यातले प्रसंग आठवायला सांगितले. "काल मॅच पाहिलीत का?" असे विचारल्याचे त्यांना सर्वांत जास्त खुपत होते. त्यात वावगे काहीच नव्हते, कारण अंध माणसेही मॅच पाहिली असेच म्हणतात. मला मात्र त्यांनी सहज सांगून टाकलेल्या दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटल्या. चहा आल्यावर "साहेब साखर घेतात का?" हे त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या शिपायाला विचारले होते आणि जिन्यापाशी न बोलता मागून साहेबांचा दंड धरून त्यांना पुढे सरकवले होते.

मागून ढकलल्या जाणाऱ्या अंध व्यक्तीला पुढची पायरी कुठे आहे हे कळत नाही आणि पांढऱ्या काठीने अंदाज घेण्याची संधीही जाते. म्हणून आपण धरायचे नसते, त्यांना आपल्याला धरू द्यायचे असते. आधी आपले नाव सांगून "सोबत येऊ का?" असे विचारावे. होकार मिळाला, तर आपल्या हाताची पाठ त्यांच्या हाताला हलकेच लावावी, म्हणजे ते आपल्या कोपराच्या किंचित वर धरतात आणि अर्धे पाऊल मागे चालतात. आपण कुठे वळलो, कुठे थांबलो हे त्यांना त्या हातातूनच समजते. जिन्यापाशी क्षणभर थांबून तो वर जातो की खाली, एवढे सांगावे. खुर्चीपाशी त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर टेकवून द्यावा, बसायचे ते स्वतः बसतात. निघताना "मी येतो" असे बोलून निघावे, नाहीतर ते रिकाम्या जागेशी बोलत राहतात.

पुढच्या भेटीत गृहस्थ थोडे खट्टू होते. त्यांनी विचारले तेव्हा साहेब म्हणाले होते, "जिना मला पाठ झालाय. कँटीनमधल्या खुर्च्या रोज हलतात, तिथे धरीन." त्यांना हा नकार वाटला. मला तर ते नेमके उत्तर वाटले, कारण मदत कुठे हवी आणि कुठे नको, हे साहेबांनी स्वतः ठरवले होते. त्या दिवशी दोघे एकत्र जेवले आणि बहुतेक वेळ बदल्यांविषयीच बोलले.

विचारण्याच्या या नियमाला एक अपवाद मी त्यांना सांगून ठेवला. समोर उघडे गटार किंवा मागे येणारी गाडी असेल, तर परवानगी मागत बसू नये. नाव घेऊन स्पष्टपणे "थांबा" म्हणावे. नुसते "अहो, सांभाळा" म्हटले, तर थांबायचे की बाजूला व्हायचे हे त्यांना कळत नाही.