वार खाली आहे म्हणाले, आता कोणाकडे जायचं?

प्रश्न: दहावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ, बाकी काही आजार नाही. तपासण्या प्रसूतितज्ज्ञांकडे कराव्यात, मिडवाइफकडे की आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे? आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत कधी घ्यावं?

उत्तर: मी बरीच वर्षं मिडवाइफ म्हणून काम केलंय, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरा. तुम्ही लिहिलंय तसं सगळं सरळ असेल तर प्रशिक्षित मिडवाइफ पुरेशी आहे. फॅमिली डॉक्टरही चालतील, पण ते गरोदरपणाच्या तपासण्या नेहमी करत असतील तरच. दोघांनाही एकच विचारा: मला पुढे कोणाकडे आणि कधी पाठवाल? याचं उत्तर चटकन आलं नाही तर तिथे थांबू नका. आधीचं सिझेरियन, जुळी, पूर्वीपासूनचा रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर मात्र पहिल्या दिवसापासून प्रसूतितज्ज्ञच.

दुसरं मत कधी घ्यावं, ते एका बाईच्या उदाहरणावरून सांगते. तिचंही पहिलंच बाळ. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार, म्हणजे नाळेतून बाळाला पोसणारा अवयव, खाली दिसली, गर्भाशयाच्या तोंडापासून १२ मिलिमीटरवर. तिला तिथल्या तिथे सांगितलं, सिझेरियनच करावं लागेल, तारीख धरून ठेवा. ती रडतच माझ्याकडे आली.

तारीख ठरवायची ती वेळच नव्हती. पुढच्या महिन्यांत गर्भाशयाचा खालचा भाग ताणून लांबतो आणि वारेची कड तोंडापासून दूर जाते. बहुतेक जणींच्या बाबतीत असंच होतं. म्हणून बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा मोजतात, शक्यतो योनीमार्गे सोनोग्राफी करून, कारण पोटावरून अंतर नीट कळत नाही. तेव्हाही २० मिलिमीटरच्या आत असेल तर छत्तिसाव्या आठवड्यात आणखी एकदा. मी तिला दुसऱ्या प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी बत्तिसाव्याला मोजलं तर ३१ मिलिमीटर भरलं. सिझेरियनचा विषय संपला.

आता हाच रिपोर्ट आधी सिझेरियन झालेल्या बाईचा असता आणि वार पुढच्या बाजूला, जुन्या व्रणावर असती, तर मी उलट बोलले असते. अशा वेळी वार गर्भाशयाच्या भिंतीत रुतलेली असू शकते आणि प्रसूतीत प्रचंड रक्तस्राव होतो. तिने वाट न बघता रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांना दाखवावं.

तर निर्णय फार लवकर घेतला जात असेल, किंवा त्यामागचं कारण आकड्यासकट सांगता येत नसेल, तर दुसरं मत घ्या. जाताना मूळ रिपोर्ट न्या. त्यावर नुसतं 'वार खाली' लिहिलं असेल तर अंतर किती मिलिमीटर ते आधी विचारून घ्या, नाहीतर दुसरे डॉक्टरही अंदाजच बांधतील.

पण रक्तस्राव, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर मतं गोळा करत बसू नका. जे रुग्णालय जवळ असेल तिथे त्याच क्षणी जा, रात्र असली तरी.